वाचवायचा शेवटचा दिवस

गुरुवार, फेब्रुवारीतला तिसरा. सकाळी सव्वानऊ. हजर: शेठ, परचेस ऑफिसर, सुपरवायझर, मी. गैरहजर: कोणी नाही. लाल: काही नाही. बैठक संपली नऊ पस्तीसला.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे. अक्षर स्वच्छ, खाडाखोड नाही. त्यातली ‘लाल: काही नाही’ ही ओळ खोटी होती. ती खोटी आहे हे त्या खोलीत निदान एका माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस मी नव्हते.

रबाळ्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. औषध कंपन्यांना लागणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आम्ही बनवतो. तीसेक माणसं, दोन शेड, एक क्रेन. मी तिथे प्लॅनिंग आणि कागदपत्रं बघते. म्हणजे टाकी कधी द्यायची, त्याआधी काय काय व्हायला हवं, आणि झालं त्याचा पुरावा कुठल्या फायलीत आहे, हे मला माहीत असावं लागतं. बाकीच्यांना ते माहीत नसलं तरी चालतं, असं बाकीच्यांचं मत.

मला याद्या करायची सवय आहे. घरी गॅसच्या नळीची तारीख फ्रीजवर लावलेली असते. यावर लोक हसतात. हसणाऱ्यांपैकी निम्मे लोक नंतर मलाच फोन करून विचारतात की गाडीचा इन्शुरन्स संपला असेल तर काय करायचं.

ही गुरुवारची बैठक मी सुरू केली ती नोव्हेंबरातल्या एका फजितीनंतर.

एका गिऱ्हाइकाची टाकी पंधरा दिवस शेडमध्ये उभी राहिली. वेल्डिंग झालेलं, पॉलिश झालेलं, फक्त वरचं मिक्सर बसवायचं राहिलेलं. मिक्सर नव्हतं, कारण त्याची ऑर्डरच गेली नव्हती. ऑर्डर गेली नव्हती, कारण ड्रॉइंगवर गिऱ्हाइकाची सही नव्हती. सही का नव्हती? तर ती आणण्याचं काम शेठनी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. ‘त्यांचा मॅनेजर माझ्या ओळखीचा आहे, मी बोलतो,’ असं ते म्हणाले होते. ऑगस्टमध्ये. त्यानंतर ते बोलले असतील, पण मॅनेजरशी नाही.

गिऱ्हाइकाचा माणूस आला, शेडमध्ये उभा राहून वाट्टेल ते बोलला आणि गेला. तो गेल्यावर शेठनी शेडभर नजर फिरवली आणि नानांना धरलं.

नाना म्हणजे आमचे सुपरवायझर. करावे गावचे. खाडीत जाळी टाकणाऱ्या घरातले, पण पस्तीस वर्षं लोखंडात गेलेली. सगळे त्यांना नानाच म्हणतात. वय सत्तावन्न. साठाव्या वर्षापर्यंत कारखान्यात राहायचं आणि मग घरचा मासळीचा बाजार बघायचा, असं त्यांचं ठरलेलं होतं.

‘नाना, ही दुसरी टाकी लेट झाली,’ शेठ सगळ्या वेल्डरांसमोर म्हणाले. ‘तिसरी झाली तर तुम्ही घरी बसा. मला मग बोलायला लावू नका.’

पहिली टाकीही नानांमुळे लेट झाली नव्हती, पण ते कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. नानांनी हातातला टेप गुंडाळला आणि खिशात टाकला. मला सगळ्यांचाच राग आला: शेठचा, त्यांनी केलं म्हणून, नानांचा, त्यांनी ऐकून घेतलं म्हणून, आणि आमच्या परचेस ऑफिसरचा, कारण तो त्या वेळी क्रेनच्या मागे उभा राहून मोबाइल बघत होता, जणू मिक्सर ही वस्तू त्याने कधी ऐकलेलीच नव्हती.

मी शेठच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, ‘मला दर आठवड्याला अर्धा तास हवा. चौघांचा.’

‘मीटिंग?’ शेठ म्हणाले. ‘मॅडम, मीटिंगा कॉर्पोरेटवाले करतात. आपण काम करतो.’

‘काम होत असतं तर मी आले नसते.’

ते हसले. शेठ वाईट माणूस नाहीत. ते आळशी आहेत आणि त्यांना ती धावपळ वाटते, एवढंच.

वार कुठला, यावरच पहिल्या दिवशी वाद. परचेस म्हणाला सोमवार. सोमवारी सकाळी प्रत्येकाच्या डोक्यावर काहीतरी पेटलेलं असतं, कोणी ऐकत नाही. शेठ म्हणाले शनिवार. शनिवारी एखादी गोष्ट निसटलीय हे कळलं, तर ती धरायला पुढे रविवारच असतो. मी गुरुवार म्हटलं. गुरुवारी कळलं तर शुक्रवार-शनिवार हातात असतात, सप्लायर फोन उचलतात, ट्रान्सपोर्टवाले जागेवर असतात. हे समजावून सांगावं लागलं. दोनदा.

पहिल्या तीन बैठका म्हणजे चहापान होतं. शेठ कालच्या मॅचवर बोलायचे. परचेस एकच अडचण काढायचा आणि तिच्यावर आम्ही चौघं मिळून पाऊण तास अशी चर्चा करायचो, की बाकीच्या चौदा गोष्टींना वेळच उरायचा नाही. आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच.

‘गॅस्केटचं काय झालं?’

‘चालू आहे.’

‘काय चालू आहे?’

‘फॉलोअप चालू आहे, मॅडम.’

‘चालू आहे’ हा आपल्याकडचा मोठा शोध आहे. त्यात माणूस नाही, तारीख नाही, आणि खोटंही नाही. रस्ताही चालू असतो आणि खोदकामही चालू असतं. आमच्या सोसायटीची लिफ्ट दुरुस्ती चौदा महिने चालू होती. मी सातव्या मजल्यावर राहते.

चौथ्या गुरुवारी मी नियम घातले. बैठक उभ्याने. चहा संपल्यावर, आधी नाही. ‘चालू आहे’, ‘होऊन जाईल’ आणि ‘बघतो’ हे तीन शब्द बंद. अडचण सोडवायची नाही, फक्त कोण सोडवणार आणि कधी ते ठरवायचं, सोडवण्यासाठी बाहेर जायचं. एका कामाला एकच माणूस, कारण दोघांचं काम हे कोणाचंच नसतं.

वहीत प्रत्येक शब्दाला एक ओळ. काम नव्हे, शब्द. कोणी, कोणाला, काय, कधी देतो म्हणून सांगितलं. त्यापुढे पुढची पायरी, म्हणजे ‘सीलसाठी फोन’ असलं हाताने करता येणारं काहीतरी. आणि शेवटच्या रकान्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तारीख: वाचवायचा शेवटचा दिवस. ज्या दिवसापर्यंत ही पायरी पडली तर शब्द पाळता येतो, आणि दुसऱ्या दिवशी पडली तर येत नाही, तो दिवस.

लोकांना देण्याची तारीख पाठ असते आणि हा दिवस माहीत नसतो. टाकी वीस तारखेला द्यायची असेल आणि गळती थांबवणारं सील यायला तीन आठवडे लागत असतील, तर वीस तारखेची काळजी वीसला करून काय उपयोग? टाकी तीन आठवडे आधीच लेट झालेली असते, फक्त अजून कोणाला दिसत नसते. उलटं मोजत या, म्हटलं. बोटांवर मोजा. शेठनी खरंच बोटांवर मोजलं आणि म्हणाले, ‘अरे, म्हणजे हे तर मागच्या मंगळवारीच लेट झालं की.’ तेवढ्या एका वाक्यासाठी मी त्यांना मॅचच्या तीन आठवड्यांची माफी दिली.

तारीख पुढे ढकलायची असेल तर जुनी खोडायची नाही. एक रेघ मारायची, म्हणजे ती खाली वाचता येते. वेळेवर असलेली ओळ हिरवी; दोन रेघा झाल्या किंवा शब्द चुकणार असला की ओळ लाल. लाल झाली की ज्याला शब्द दिला त्याला त्याच दिवशी फोन करून खरं सांगायचं. उशीर होणार हे आधी सांगितलं तर गिऱ्हाईक कुरकुरतं. नंतर कळलं तर शेडमध्ये येऊन ओरडतं.

डिसेंबरात पहिली गोष्ट सापडली. परचेसला विचारलं, सीलची ऑर्डर गेली का. ‘गेली ना, मेल केली.’ त्यांनी मिळाली म्हणून कळवलं का? ‘मिळाली असणारच, मॅडम.’ मी म्हटलं, इथूनच फोन लावा, स्पीकरवर. वडोदऱ्याच्या सप्लायरच्या माणसाने नम्रपणे सांगितलं की आपली काही ऑर्डर त्याच्याकडे नाही. मेल जुन्या पत्त्यावर गेली होती, तो पत्ता दिवाळीत बंद झाला होता. वाचवायच्या शेवटच्या दिवसाला अजून नऊ दिवस होते.

परचेसचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी तो बघितला, आणि वर म्हणाले, ‘“असणारच” ही तुमची पर्मनंट व्हेंडर दिसते. सगळा माल तिच्याकडूनच येतो.’

शेठ खो खो हसले. परचेसही हसला, म्हणजे ओठ हलवले. मला माझं बोलणं फार आवडलं. हे आता लिहायला लागतंय, कारण पुढचं सगळं त्या हसण्यापासून सुरू झालं.

मला वाटत होतं की मी एक व्यवस्था उभी करतेय. खरं म्हणजे मी दर गुरुवारी सव्वानऊ वाजता एक छोटा तमाशा उभा करत होते आणि त्याची तिकिटं मीच फाडत होते. ज्याची ओळ घसरली त्याला चार वाक्यं ऐकवायची. एकदा नानांच्या दोन प्लेट उशिरा कापल्या गेल्या तर मी म्हणाले, ‘नाना, खाडीत भरती-ओहोटीचं वेळापत्रक तोंडपाठ असतं ना? मग कटिंगचं का नाही?’ नाना म्हणाले, ‘भरती कोनासाठी थांबत नाय ताय. कटिंग मशिन थांबते.’ शेठ पुन्हा हसले. मी लिहून घेतलं: कटिंग, दोन दिवस.

जानेवारीच्या शेवटापासून ओळी हिरव्या यायला लागल्या. एक गुरुवार लालशिवाय, दुसरा लालशिवाय. बैठक पंधरा-वीस मिनिटांत संपायची. मी घरी नवऱ्याला सांगितलं की माणसांना शिस्त लागते, फक्त कोणीतरी लावावी लागते. तो म्हणाला, ‘किंवा लपवायची सवय लागते.’ तो बँकेत आहे. त्याला सगळीकडे लपवाछपवी दिसते. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

तिसरा लालशिवायचा गुरुवार म्हणजे वर लिहिला तो.

त्या दिवशी वहीतली मोठी ओळ होती परदेशी जाणाऱ्या टाकीची. पुढच्या बुधवारी गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर येणार, त्याच्या समोर पाण्याच्या दाबाची चाचणी. टाकीच्या बाहेरच्या कवचात पाणी भरायचं, पंपाने दाब चढवायचा, अर्धा तास धरायचा, काटा खाली आला नाही म्हणजे पास. गुरुवारी वाळवणं आणि लाकडी पॅकिंग, शुक्रवारी ट्रेलर, शनिवारी दुपारी बारापर्यंत जासईच्या कंटेनर यार्डात गेटमधून आत. बारा वाजून पाच मिनिटांनी गेलं तर जहाज पुढचं. जहाज पुढचं म्हणजे तिसरी टाकी लेट. आणि तिसरी टाकी म्हणजे काय, ते शेडमधल्या प्रत्येकाला पाठ होतं.

मी ओळ वाचली. नाना म्हणाले, ‘टाकी तयार हाय. पंप तयार हाय.’ मग थांबले. ‘ताय, ते गेजचं…’

‘नाना,’ मी म्हणाले, ‘तुमच्या ओळीतलं बोला. कागद मी बघते.’

‘बरं,’ नाना म्हणाले.

मी हिरवी खूण केली. लाल: काही नाही.

बैठक सुटली. शेठ फोनवर बोलत बाहेर गेले, परचेस चहाकडे. नाना तिथेच उभे. वही बंद करताना मी विचारलं, काय झालं.

‘गेज बगून या,’ ते म्हणाले. ‘वरचा स्टिकर वाचा.’

गेज म्हणजे दाब मोजायचं घड्याळ. चाचणीच्या दोन्ही घड्याळांवर एक छोटा स्टिकर असतो. हे घड्याळ बरोबर दाखवतं असं प्रयोगशाळेने तपासल्याची तारीख, आणि ते प्रमाणपत्र कधी संपतं ती तारीख. इन्स्पेक्टर आला की टाकीकडे बघायच्या आधी तो स्टिकर बघतो आणि प्रमाणपत्र मागतो. मुदत संपलेल्या घड्याळावर घेतलेली चाचणी म्हणजे झालीच नाही. तो बॅग उचलून निघून जातो आणि त्याची पुढची तारीख दहा-बारा दिवसांनी मिळते.

स्टिकरवर मुदत संपण्याची तारीख येत्या सोमवारची होती. चाचणी बुधवारी.

घड्याळं तपासायला पाठवायची नोंदवही माझ्याकडे असते. माझ्याच कपाटात, माझ्याच अक्षरात. गुरुवारच्या वहीत सगळ्यांच्या ओळी होत्या. माझी एकही नव्हती. मी दुसऱ्यांचे शब्द मोजत होते, त्यामुळे मला वाटत होतं की माझ्याकडे मोजण्यासारखं काही नाही.

‘तुम्हाला कधी कळलं?’

‘तीन हप्ते जाले.’

‘तीन आठवडे? आणि तुम्ही गप्प?’

नानांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. ‘बोललू ना. मागच्या खेपेला बोललू, आज बोललू. तुमी म्हनाल्या, तुमच्या ओळीतलं बोला.’

मागच्या गुरुवारीही मी तेच म्हटलं होतं. मला आठवलं, शब्दासकट.

‘मग जोरात बोलायचं. नंतर येऊन सांगायचं.’

‘चार जनांत तुमचं नाव लाल करू?’ नाना म्हणाले. ‘शेठ दात काढनार. परचेसवाला तर वाटच बगतंय. एका बायमानसाला असं उभं करायचं म्हंजे… आमच्याकडं नाय करत ताय.’

‘आणि बुधवारी तो माणूस परत गेला असता तर? घरी कोण बसलं असतं, मी?’

‘मी,’ नाना म्हणाले. ‘म्हनून तर आज थांबलू. शनवारपरेंत लॅबवाला घेतो, सोमवारी दिली का बुधवारला नाय भेटत. मी इचारून आलू काल, सायकल घेऊन.’

म्हणजे वाचवायचा शेवटचा दिवस त्यांनी माझ्याआधी मोजला होता. बोटांवर. आणि ज्या माणसाचं घर त्या दिवसावर अवलंबून होतं, तो माझी लाज राखायची म्हणून त्या दिवसाच्या दोन दिवस आधीपर्यंत थांबला होता. मी आयुष्यात बऱ्याच लोकांना बिनडोक म्हटलं आहे, बहुतेकांना योग्य कारणाने. त्या सकाळी तो शब्द मला स्वतःसाठी वापरावा लागला. तो बरोबर बसला.

घड्याळं मी स्वतः नेली. काच फुटू नये म्हणून नानांनी सुती कपड्यात गुंडाळून माझ्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवली. प्रयोगशाळा महाप्याला. काउंटरवरच्या माणसाने रांग दाखवली; ती नानांच्या कालच्या चौकशीनंतर वाढली होती: पाच कामाचे दिवस. मी त्याला सगळं सांगितलं नाही. ज्याला त्याला गोष्टी सांगत बसणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. मी फक्त म्हणाले की चूक माझी आहे, तारीख मी विसरले, आणि बुधवारी सकाळी मला ती हवीत. तो जरा गोंधळला. बहुधा त्याच्याकडे येणारा प्रत्येक जण चूक कुरिअरवाल्याची असल्याचं सांगतो.

‘मंगळवारी संध्याकाळी,’ तो म्हणाला. ‘पण न्यायला तुम्हीच या.’

परत येऊन मी शेठच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते हसायला लागले.

‘मॅडम, तुम्ही? तुम्ही विसरलात?’ त्यांना खरोखर आनंद झाला होता. ‘चला, माणसात आलात.’

एखाद्याच्या चुकीने एवढं बरं वाटणाऱ्या माणसाबद्दल मला जे वाटायचं ते वाटलं. पण मग लक्षात आलं की सीलच्या दिवशी परचेसकडे बघून मी अशीच खूश झाले होते. फक्त माझं वाक्य जास्त चांगलं होतं.

मंगळवारी घड्याळं आली. बुधवारी इन्स्पेक्टर आला, चष्मा कपाळावर चढवून स्टिकर वाचला, प्रमाणपत्राचा नंबर घड्याळाच्या नंबराशी ताडला आणि खुर्ची ओढून बसला. अर्धा तास काटा जागचा हलला नाही. नाना पंपाजवळ हात मागे बांधून उभे होते. शुक्रवारी दुपारी ट्रेलर सुटला आणि शनिवारी साडेनऊला जासईहून ड्रायव्हरचा फोन आला की गेट झालं.

मधल्या गुरुवारी, टाकीचं पॅकिंग चालू असताना, मी वहीची पद्धत बदलली. पहिली ओळ माझी. दर आठवड्याला आधी माझ्या ओळी वाचायच्या, आणि त्या मी नाही वाचायच्या, परचेसने वाचायच्या. दुसरी गोष्ट: जो स्वतःहून लाल सांगेल त्याला कोणी काही बोलायचं नाही. मीसुद्धा नाही. तिसरी: दुसऱ्याची ओळ घसरताना दिसली तर सांगणं हे त्याचं काम. ‘तुमच्या ओळीतलं बोला’ हा चौथा बंद शब्द.

परचेसने माझ्या ओळी वाचल्या. गेज, मुदत संपण्याआधी पाठवणं, जबाबदार: मॅडम, लाल. तो एकेक अक्षर चावून वाचत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, ‘मॅडम, गेजचं पाठवलं असणारच ना?’

हा बदला त्याने घ्यायचाच होता. मी म्हणाले, ‘पुढचं वाचा.’

त्यानेच मग, कोणी न विचारता, दोन लाल सांगितले. दोन्ही जानेवारीतले. हिरव्या खुणेखाली आठवडेच्या आठवडे झाकलेले. मी काही बोलले नाही. मला फार कष्ट पडले.

मग मी शेठना म्हणाले, ‘तुमच्या ओळी.’

‘माझ्या कुठल्या?’

‘तुम्ही फोनवर लोकांना शब्द देता. त्या.’

त्यांनी नाइलाजाने चार सांगितल्या. पाचवी मी सांगितली. वहीच्या मागच्या पानात मी नोव्हेंबरचा तो सगळा प्रकार तारखांसकट लिहून ठेवला होता: ड्रॉइंगची सही, कोणी आणतो म्हणाला, कधी. पान त्यांच्यापुढे धरलं. मी ते लिहून ठेवलंय हे नानांना माहीत नव्हतं. ते खिडकीतून क्रेनकडे बघायला लागले.

‘ती टाकी नानांमुळे लेट नव्हती,’ मी म्हणाले. ‘आणि तुम्ही शेडमध्ये सगळ्यांसमोर बोललात. तिसरी झाली तर घरी बसा, हे अजून तसंच आहे.’

शेठनी पान वाचलं. मग म्हणाले, ‘अरे, ते रागात बोललो. नानांना माहीत आहे.’

‘वेल्डरांना माहीत नाही.’

‘राहू द्या ना ताय,’ नाना म्हणाले.

‘नाही, नाही,’ शेठ म्हणाले. ‘बरोबर आहे मॅडमचं. बोलतो मी. सगळ्यांसमोर.’

‘कधी?’

‘याच आठवड्यात.’

‘वार?’

‘शनिवार. पगाराच्या… नको, शनिवारच. साडेपाचला, सुट्टीच्या आधी.’

मी ओळ लिहिली. कोणी: शेठ. कोणाला: नाना. काय: नोव्हेंबरच्या टाकीचा उशीर त्यांचा नव्हता आणि घरी बसण्याची गोष्ट मागे घेतली, हे शेडमध्ये सगळ्यांसमोर सांगणं. कधी: शनिवार, साडेपाच. शेवटच्या रकान्यात काय लिहावं ते मला कळेना. वाचवायचा शेवटचा दिवस. मी तो रिकामा ठेवला.

त्या शनिवारी शेठ साडेचारला निघाले, ठाण्याला कोणाकडे तरी बारसं होतं. एक रेघ. पुढच्या शनिवारी ते थांबले, शेडमध्ये आलेही, वेल्डरांशी नव्या ऑर्डरबद्दल दहा मिनिटं बोलले, नानांच्या पाठीवर थाप मारली आणि गेले. परचेसने मला विचारलं, ‘थाप चालेल का, मॅडम?’ दुसरी रेघ.

दोन रेघा म्हणजे लाल, आणि लाल म्हणजे ज्याला शब्द दिला त्याला त्याच दिवशी खरं सांगायचं. नियम माझाच. पुढच्या गुरुवारी ओळ वाचताना मी शेठना तेच म्हणाले. नाना त्यांच्यापासून दोन हातांवर उभे होते. फोनही लावायला नको होता.

शेठनी नानांकडे पाहिलं, नानांनी बुटांकडे.

‘नाना,’ शेठ म्हणाले, ‘ते आपलं… होऊन जाईल हां.’

परचेस म्हणाला, ‘शेठ, हा शब्द बंद आहे.’

सगळे हसले, नानासुद्धा. मी नाही. मी त्या ‘होऊन जाईल’साठी तिसरी रेघ मारली आणि खाली पुढच्या शनिवारची तारीख घातली. बैठक संपली नऊ अडतीसला. एक ओळ लाल.